गळका पाइप तात्पुरता थोपवताना: क्लॅम्प, इपॉक्सी पुट्टी की पट्टी, आणि कोणता उपाय कुठे दगा देतो

गळक्या पाइपावर केलेली तात्पुरती दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी सुटते, तेव्हा बहुतेक जण दोष पुट्टीला किंवा पट्टीला देतात. प्रत्यक्षात चूक सामान लावण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. पाणी नीट बंद केलेले नसते, गंज आणि जुना ऑइलपेंट खरवडलेला नसतो, किंवा जिथे क्लॅम्प हवा होता तिथे पुट्टी थापलेली असते. म्हणून या लेखात तयारीला दुरुस्तीपेक्षा जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून एकच प्रसंग घेऊ. तळमजला आणि वर सहा मजले असलेली सोसायटी, गच्चीवर पाण्याची टाकी, आणि पहिल्या मजल्यावरील न्हाणीघराच्या डक्टमधून उघड्यावरून जाणारी पाऊण इंची जीआय लाइन. थंड पाण्याच्या या लाइनला सुमारे दोन मिलिमीटरचे छिद्र पडले आहे आणि प्लंबर दोन दिवसांनी येणार आहे. प्लास्टिकच्या आणि गरम पाण्याच्या लाइनबाबत जे वेगळे करावे लागते, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

आधी एक हिशेब

टाकीतील पाण्याची पातळी आणि गळतीची जागा यांत वीस मीटरचे अंतर असेल, तर पाणी वाहत नसताना त्या जागी दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो दाब असतो. दोन मिलिमीटर व्यासाच्या छिद्राचे क्षेत्रफळ इतके लहान असते की त्यातून बाहेर ढकलणारा जोर जेमतेम साठ-पासष्ट ग्रॅम वजनाइतका भरतो. एवढ्या जोराला बोटही थोपवते, आणि यामुळेच माणसाचा अंदाज चुकतो. पुट्टीचा थर पाइपाला नीट चिकटला नसेल, तर पाणी छिद्रातून निघून थराखाली पसरते. ते दोन सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद अशा जागेत पसरले, तर त्या थराला आतून उचलणारा जोर आठ किलोंवर जातो. छिद्र तेवढेच राहते, पण ओल्या जागेबरोबर जोर वाढतो आणि थर कडेने सुटतो.

सहाव्या मजल्यावर हेच अंतर पाच मीटरच्या आसपास असल्याने तिथला जोर चौथ्या हिश्शाइतकाच भरतो. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे वर्षभर टिकलेला उपाय आपल्याकडे एका रात्रीत का सुटला, याचे उत्तर बहुधा एवढेच असते.

तिन्ही उपाय या जोराला वेगवेगळ्या रीतीने तोंड देतात. क्लॅम्प रबर बाहेरून दाबून धरतो, पुट्टी धातूला चिकटून राहते आणि ताणून गुंडाळलेली पट्टी पाइपाला आवळते. ज्याला दाबायला घट्ट आधार मिळत नाही, चिकटायला कोरडा पृष्ठभाग मिळत नाही किंवा आवळायला सरळ लांबी मिळत नाही, तो उपाय तिथे टिकत नाही.

टप्पा १: गळती नेमकी कुठे आहे ते शोधणे

पाणी जिथून ठिबकते तिथूनच गळते असे नाही. उभ्या पाइपावर वरच्या छिद्रातून निघालेले पाणी पाइपाच्या अंगाने खाली उतरते आणि एल्बोच्या कडेला थेंब होऊन पडते. त्यामुळे माणूस एल्बोवर पुट्टी लावतो आणि खरे छिद्र हातभर वर तसेच राहते. म्हणून पाणी चालू असतानाच पाइप फडक्याने वरून खाली पुसून घ्यावा, मग सुक्या वर्तमानपत्राचा किंवा टिश्यूचा तुकडा थोड्या थोड्या अंतरावर टेकवत खालून वर जावे. कागद सर्वात वर जिथे भिजतो, ती खरी जागा समजून तिथे मार्करने खूण करावी. पाइपाची भिंतीकडची बाजू बोट आत घालून तपासावी, कारण ओल धरून राहिल्याने तिथेच गंज जास्त लागतो.

खूण झाल्यावर गळती कोणत्या प्रकारची आहे हे ठरवावे. सरळ पाइपावर एकच बारीक छिद्र असेल, तर तिन्ही उपायांना वाव आहे. पाणी सॉकेटच्या किंवा एल्बोच्या तोंडाशी, म्हणजे आट्यांतून येत असेल, तर साधा क्लॅम्प तिथे बसणार नाही. जीआय पाइप आटे पाडलेल्या जागी सर्वात पातळ झालेला असतो, म्हणून जुन्या इमारतींत गळती बहुतेक वेळा तिथेच सुरू होते. प्लास्टिकच्या पाइपावर लांबीच्या दिशेने केसासारखी चीर दिसत असेल, तर ती दिसते त्यापेक्षा लांब आहे असे धरून चालावे.

*इशारा:* गॅसच्या पाइपावर यांपैकी काहीही करू नये. तिथे व्हॉल्व्ह बंद करून, खिडक्या उघडून गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवणे एवढेच आपले काम आहे. मीटरच्या अलीकडची लाइन पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणेची असते, तिला हात लावू नये. जमिनीखालच्या किंवा गटाराजवळून जाणाऱ्या लाइनवर तात्पुरत्या उपायावर विसंबणे धोक्याचे असते. ठरावीक वेळ पाणी येणाऱ्या गावांत पुरवठा थांबला की लाइनमध्ये आत ओढ निर्माण होते आणि बाहेरची घाण त्याच छिद्रातून पाण्यात शिरते.

*इशारा:* गळणारे पाणी गिझरच्या वायरवर, स्विचवर किंवा पंपावर पडत असेल, तर पाण्याच्या चावीला हात लावण्याआधी त्या भागाचा एमसीबी खाली करावा.

टप्पा २: पाणी बंद करणे आणि लाइन रिकामी करणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात. चावी बंद केली म्हणजे पाइप रिकामा झाला असे होत नाही. गळतीच्या वर उभ्या लाइनमध्ये अडकलेले पाणी बराच वेळ छिद्रातून झिरपत राहते, आणि तेवढा ओलावा पुट्टी बिघडवायला पुरतो.

प्रथम फ्लॅटच्या लाइनवरील गेट व्हॉल्व्ह बंद करावा. मग त्याच लाइनवरचा सर्वात खालचा नळ उघडून पाणी जाऊ द्यावे आणि शेवटी सर्वात वरचा नळ किंवा शॉवरही उघडावा, म्हणजे हवा आत शिरून अडकलेले पाणी उतरते. खालचा नळ दुरुस्ती संपेपर्यंत उघडाच ठेवावा. व्हॉल्व्हमधून थोडे पाणी झिरपत असेलच, तर ते छिद्राकडे न येता नळाकडे जाते. मात्र याचा उपयोग तो नळ छिद्रापेक्षा खाली असेल तरच होतो.

जुना गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल, तर त्याच्या बैठकीत गंजाचा किंवा वाळूचा कण अडकलेला असू शकतो. व्हॉल्व्ह थोडासा उघडून पाण्याचा झोत जाऊ द्यावा आणि पुन्हा बंद करावा. दोन-तीनदा असे केल्यावर पुष्कळदा तो नीट बसतो. पाना लावून जोर मात्र करू नये. वर्षानुवर्षे न फिरवलेल्या व्हॉल्व्हचा दांडा पिळून तुटला, तर लहान गळतीचे रूपांतर इमारतीचे पाणी बंद करण्यात होते. अशा वेळी सोसायटीला सांगून गच्चीवरची चावी बंद करून घ्यावी आणि त्या लाइनवरच्या इतर घरांना आधी कळवावे, नाहीतर कोणीतरी वर जाऊन ती परत उघडतोच.

*तपासणी:* पाइप कोरडा पुसून गळतीच्या जागी टिश्यू गुंडाळावा आणि दहा मिनिटे थांबावे. टिश्यू कोरडा राहिला, तर तिन्ही मार्ग खुले आहेत. तो दमट झाला, तर पुट्टीचा विचार सोडून क्लॅम्प वापरावा किंवा ओल्या पाइपावर चालणारी पट्टी घ्यावी.

टप्पा ३: पृष्ठभाग आणि माप

छिद्राच्या दोन्ही बाजूंना किमान पाच सेंटिमीटर आणि पाइपाच्या पूर्ण घेरावर रंग, गंज आणि चुन्याचा थर काढावा. जीआय पाइपाला आधी तारेचा ब्रश आणि मग ८० नंबरचा पॉलिश पेपर लावावा, धातू चमकेपर्यंत. हात हलका ठेवावा. छिद्र साफ करायला स्क्रूड्रायव्हर किंवा खिळा त्यात घालू नये, कारण आतून खाल्लेल्या पाइपाची भिंत छिद्राभोवती कागदासारखी पातळ झालेली असू शकते.

त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. छिद्राच्या आजूबाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जावे. चांगला पाइप खणखणीत वाजतो. आवाज बसका आला, गंजाचे पापुद्रे सुटू लागले किंवा ब्रश फिरवताना शेजारी दुसरा ओला ठिपका उमटला, तर तो पाइप क्लॅम्पची पकड सोसणार नाही. तिथे दुरुस्तीचा नाद सोडून लाइन बंद ठेवावी आणि पाणी बादलीने आणावे. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, पण पाणी चालू असताना पाइप फुटण्यापेक्षा तो परवडतो.

प्लास्टिकच्या पाइपाला फक्त पॉलिश पेपर लावून चकाकी घालवावी आणि सुक्या फडक्याने पुसावे. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव सीपीव्हीसीवर वापरू नये, त्याने प्लास्टिक कमकुवत होऊन पुढे तडकते. काही ठिकाणी पीपीआर किंवा काळा पॉलिथिनचा पाइप असतो. त्या प्लास्टिकला इपॉक्सी धड चिकटतच नाही, कितीही घासले तरी. तिथे पुट्टी वगळावी.

आता माप. दुकानात “पाऊण इंची क्लॅम्प द्या” असे म्हणणे पुरेसे नसते, कारण इंचातले नाव आणि बाहेरचा खरा व्यास यांचा मेळ प्रत्येक प्रकारच्या पाइपात वेगळा असतो. पाऊण इंची जीआय पाइपाचा बाहेरचा व्यास साधारण २७ मिलिमीटर असतो, तर पाऊण इंची सीपीव्हीसीचा जेमतेम २२. उलट अर्धा इंची जीआय पाइप २१ मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणजे पाऊण इंची सीपीव्हीसीच्या जवळ जातो. त्यामुळे पाइपाभोवती दोरा एकदा घट्ट गुंडाळावा आणि त्याची लांबी पट्टीवर मोजावी. ८५ मिलिमीटरच्या आसपास आली तर आपल्या उदाहरणातील पाऊण इंची जीआय, आणि सत्तरच्या आसपास आली तर पाऊण इंची सीपीव्हीसी. दुकानात तो दोराच घेऊन जावे.

टप्पा ४: पहिला पर्याय, क्लॅम्प

सरळ आणि ठणठणीत पाइपावर एकच छिद्र असेल, तर मी नेहमी क्लॅम्पच निवडेन. त्याला वाळायला वेळ लागत नाही, थोडी ओल चालते, आणि प्लंबर आल्यावर तो सहज निघतो.

तयार दुरुस्ती क्लॅम्प दोन अर्धगोल पत्र्यांचा असतो आणि आत रबराची गादी असते. गादी छिद्राच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-चार सेंटिमीटर पुढे गेली पाहिजे. छिद्र गादीच्या मधोमध येईल आणि दोन अर्ध्यांची फट छिद्रापासून दूर राहील असा क्लॅम्प फिरवून बसवावा. बोल्ट आधी हातानेच घट्ट करावेत, मग पान्याने आळीपाळीने प्रत्येकी अर्धा फेरा द्यावा. एकच बाजू आधी पूर्ण आवळली, तर गादी तिरकी बसते आणि दुसऱ्या बाजूने पाणी वाट काढते. रबर पत्र्याच्या कडेतून किंचित फुगलेले दिसले की थांबावे.

तयार क्लॅम्प मिळाला नाही, तर ट्यूबचे जाड रबर आणि तीन जुबिली क्लिपा यांवर काम भागते. आपल्या पाइपाचा घेर ८५ मिलिमीटर आहे, म्हणून रबराची पट्टी सहा सेंटिमीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर लांब कापावी. ती गुंडाळल्यावर छिद्राच्या अगदी विरुद्ध बाजूला बारीक फट राहते, पण टोके एकमेकांवर चढून उंचवटा होत नाही. पहिली क्लिप बरोबर छिद्रावर घ्यावी आणि उरलेल्या दोन तिच्या दोन्ही अंगांना. क्लिपेचा स्क्रू असलेला भाग छिद्राच्या विरुद्ध बाजूला ठेवावा, कारण स्क्रूच्या घराखाली पत्रा थोडा उचललेला राहतो आणि तिथे दाब कमी पडतो. स्क्रू छिद्राच्या डोक्यावर आला की तिन्ही क्लिपा कितीही आवळल्या तरी पाणी झिरपते, आणि हे दृश्य मी डक्टमध्ये वारंवार पाहिले आहे. मधली क्लिप आधी आवळावी, मग बाजूच्या.

*क्लॅम्प कुठे हरतो:* एल्बो, टी आणि सॉकेटच्या तोंडाशी गादीला सपाट बैठक मिळत नाही. खोल खड्डे पडलेल्या गंजक्या पाइपावर रबर खड्ड्यांवरून पूल बांधल्यासारखे बसते आणि पाणी खालून सरकते. तिथे खड्डे आधी पुट्टीने बुजवून, ती कडक झाल्यावर क्लॅम्प लावल्यास उपयोग होतो. पातळ झालेला जीआय पाइप आवळताना चेपतो. प्लास्टिकचा पाइप जास्त आवळला तर लंबगोल होतो, आणि लांब चीर असेल तर क्लॅम्पच्या बाहेर ती पुढे सरकते. शिवाय नवे रबर पहिल्या दिवसात थोडे बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी बोल्ट पाव फेरा पुन्हा आवळावे लागतात. हे न केल्याने तिसऱ्या दिवशी थेंब दिसू लागतो.

टप्पा ५: दुसरा पर्याय, इपॉक्सी पुट्टी

हार्डवेअरच्या दुकानात एम-सील म्हणून जे मागितले जाते, ती दोन भागांची पुट्टी. पूर्ण कोरड्या पाइपावर, आणि जिथे क्लॅम्प बसत नाही अशा वाकड्यातिकड्या जागी हिचा उपयोग होतो. पाणी सुरू असताना किंवा ओल झिरपत असताना तिचा उपयोग नाही. पाण्याखाली वापरता येणाऱ्या पुट्ट्या मिळतात, पण त्याही वाहत्या झोतावर टिकत नाहीत, कारण झोत थरातून आपली वाट पाडून घेतो आणि पुट्टी त्या वाटेभोवतीच कडक होते.

हातमोजे घालून दोन्ही भाग सारख्या आकाराचे घ्यावेत आणि कणकेसारखे मळावेत. दोन रंगांच्या रेषा पूर्ण जाऊन एकच रंग आला पाहिजे. अर्धवट मळलेल्या पुट्टीत मऊ पट्टे राहतात आणि तिथूनच ती सोडते. मळल्यानंतर वेळ फार नसतो. किती आहे ते पाकिटावर लिहिलेले असते, आणि उन्हाळ्यात तो आणखी कमी होतो, म्हणून एका वेळी हवी तेवढीच मळावी.

छिद्रावर लहान गोळी ठेवून ती अंगठ्याने मधून बाहेरच्या दिशेने दाबावी, म्हणजे खाली हवा अडकत नाही. मग उरलेल्या पुट्टीचा पट्टा करून तो पाइपाभोवती पूर्ण वेढा घेईल असा बसवावा. छिद्रावर जाडी पाच-सहा मिलिमीटर, दोन्ही बाजूंना अडीच-तीन सेंटिमीटर लांबी, आणि कडा पाइपाला मिळतील अशा पातळ. केवळ छिद्रावर टिकलीसारखी लावलेली पुट्टी आधी सांगितलेल्या आठ किलोंच्या जोरापुढे फक्त चिकटपणावर उभी असते. पूर्ण वेढा घेतलेली पुट्टी कडक झाल्यावर कडे बनून राहते आणि तिला उचलायला पाण्याला ते कडे तोडावे लागते.

आट्यांतून गळती असेल, तर पाइप आणि सॉकेट यांच्या कोपऱ्यात पुट्टी दाबून दोन्हीकडे उताराची कड करावी. मात्र सांधा हलत असेल, म्हणजे नळ उघडताना पाइप थरथरत असेल, तर ही कड तडकणारच. आधी पाइपाला भिंतीवर आधार द्यावा. आट्यांवर बाहेरून टेफ्लॉन टेप गुंडाळणे निरुपयोगी आहे. ती टेप सांधा उघडून आतल्या आट्यांवर लावायची असते.

साधी पुट्टी हाताला कडक लागायला एक-दोन तास लागतात, पूर्ण ताकद यायला सुमारे एक दिवस. संध्याकाळी लावून रात्रभर पाणी बंद ठेवणे सर्वात सोयीचे. “कडक झाली की” म्हणून तासाभरात चावी उघडणे हेच तिच्या अपयशाचे सर्वात मोठे कारण आहे.

*पुट्टी कुठे हरते:* ओल आणि तेलकटपणा यांवर ती चिकटतच नाही. जुना रंग आणि गंजाची पावडर यांवर ती चिकटते खरी, पण मग तो रंग किंवा गंजच पाइपापासून सुटतो. थरथरणाऱ्या लाइनवर ती तडकते. गरम पाण्याच्या प्लास्टिक लाइनवर ती फार टिकत नाही, कारण सीपीव्हीसी गरम झाल्यावर लोखंडाच्या कितीतरी पट लांबते आणि कडक पुट्टी त्याच्याबरोबर ताणली जात नाही. तीन मीटरची सीपीव्हीसी लाइन ४० अंशांनी तापली, तर सात-आठ मिलिमीटर लांबते.

टप्पा ६: तिसरा पर्याय, गुंडाळायची पट्टी

या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांची गल्लत होते.

पहिली म्हणजे स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप. तिच्या मागे गोंद नसतो. ताणून एकावर एक आलेले थर एकजीव होतात. पाइप ओलसर असला तरी चालते, पण थरांमध्ये धूळ किंवा हाताचे तेल जाऊ नये. गळतीच्या पाच सेंटिमीटर आधी सुरुवात करावी, टेप मूळ लांबीच्या दुप्पट ते तिप्पट ताणावी आणि प्रत्येक वेढा मागच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल असा घ्यावा. गळतीच्या पाच सेंटिमीटर पुढे जाऊन परत यावे, असे किमान तीन थर झाले पाहिजेत. फक्त शेवटचा वेढा न ताणता बसवावा, नाहीतर टोक उलगडते. न ताणता गुंडाळलेली टेप म्हणजे पाइपाला घातलेला सदरा. तिच्या खालून पाणी आरामात चालत कडेला येते. सायकलच्या ट्यूबची तीन सेंटिमीटर रुंद पट्टी कापून, याच पद्धतीने ताणून, वरून तारेने बांधली तरी एक-दोन दिवस निघतात. साधी इलेक्ट्रिकची टेप मात्र पाण्यात गोंद सोडते.

दुसरी म्हणजे राळ मुरवलेली फायबरग्लासची पट्टी, जी पाण्यात बुडवून गुंडाळतात आणि काही मिनिटांत दगडासारखी होते. हातमोजे अनिवार्य, कारण ती राळ कातडीवरून निघत नाही. पाकीट फोडल्यावर थांबायला वेळ नसतो, म्हणून सर्व तयारी आधी करून, न थांबता, प्रत्येक वेढा ओढून गुंडाळावा आणि शेवटी ओल्या हाताने चोळून थर एकमेकांत बसवावेत. छिद्रावर आधी पुट्टीची गोळी दाबून, ती मऊ असतानाच वरून ही पट्टी गुंडाळली, तर दोन्ही एकमेकांना सावरतात. मात्र आट्यांच्या सांध्यावर ती लावण्याआधी एक विचार करावा. ती उलगडून काढता येत नाही, आणि प्लंबरला सांधा न खोलता पाइपच कापावा लागतो.

*पट्टी कुठे हरते:* सिलिकॉन टेपला दोन्ही बाजूंना सरळ पाइप हवा. टी किंवा भिंतीला लागून असलेल्या जागी वेढे अर्धवट राहतात आणि पाणी तिथूनच निघते. खडबडीत गंजाच्या टोकांवर ताणलेली टेप चिरते. पंपाच्या लाइनवर, जिथे पंप सुरू-बंद होताना दाबाचे झटके बसतात, तिथे ती प्रत्येक झटक्याला थोडी फुगते आणि शेवटी पाण्याला वाट मिळते. फायबरग्लासची पट्टी झटके सोसते, पण वाहत्या झोतावर गुंडाळली तर आत पोकळ वाट राहते.

टप्पा ७: पाणी परत सुरू करणे

सर्व नळ उघडे ठेवूनच चावी अगदी थोडी उघडावी. रिकाम्या लाइनमधली हवा फुसफुसत नळातून गेली आणि धार सलग झाली की एकेक नळ सावकाश बंद करावा आणि मगच चावी पूर्ण उघडावी. चावी एकदम उघडली, तर हवेमागून येणारे पाणी बंद टोकावर आदळते आणि तो दणका नव्या दुरुस्तीवर बसतो.

*तपासणी:* दुरुस्तीच्या खालच्या कडेला सुका टिश्यू बांधावा. पाणी सुरू केल्यावर लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो पाहावा. पहाटेची तपासणी चुकवू नये. दिवसा इमारतीत सगळे नळ वाहत असताना पाइपांमध्ये दाब खर्च होतो. रात्री कोणी पाणी वापरत नसताना आणि टाकी भरलेली असताना पूर्ण दाब गळतीच्या जागी येतो. दिवसा कोरडी वाटलेली दुरुस्ती त्या वेळीच सुटते.

टिश्यू दमट झाला, तर क्लॅम्पचे बोल्ट पाव फेरा आवळून पाहता येतात. पुट्टी गळू लागली, तर तिच्यावर आणखी पुट्टी थापू नये. ओल्या जुन्या थरावर नवा थर चिकटत नाही, आणि आतले पाणी फक्त लांबच्या कडेने निघते. जुना थर छिन्नीने काढून टप्पा दोनपासून पुन्हा सुरुवात करावी लागते, किंवा क्लॅम्प आणावा लागतो.

दुरुस्तीवर कागदी चिकटपट्टी लावून तारीख आणि वापरलेला उपाय लिहून ठेवावा. प्लंबरला फोन करताना पाइप जीआय आहे की सीपीव्हीसी, दोऱ्याने मोजलेला घेर किती, छिद्र सांध्यापासून किती अंतरावर आहे आणि जवळच्या दोन सांध्यांमध्ये पाइप किती लांब आहे, एवढे सांगावे. जीआय लाइन असेल, तर तेवढ्या लांबीचा आटे पाडलेला तुकडा आणि एक युनियन तो आधीच तयार करून आणू शकतो. काढताना क्लॅम्पचा बोल्ट पाणी बंद करून आणि खालचा नळ उघडूनच सैल करावा. छिद्र आत गंजून आता मोठे झालेले असण्याची शक्यता धरून बादली आधीच खाली ठेवावी.